६५ टक्क्यांचा टॅप आणि रिकामी रायझिंग मेन : ३१५ किलोवॅट पंपमोटरच्या सुरुवातीचे एक प्रकरण

कृष्णाकाठच्या एका सहकारी उपसा सिंचन संस्थेच्या पंपघरात ३१५ किलोवॅटचे दोन पंपसंच आहेत. दोन्ही मोटरी ४१५ व्होल्टच्या, चार पोलच्या, स्क्विरल केज प्रकारच्या असून दोन्ही पंप आडव्या बांधणीचे, स्प्लिट केसिंगचे आहेत. रायझिंग मेन मात्र स्वतंत्र आहेत : पहिला पंप खालच्या कालव्यात पाणी टाकतो, तर दुसरा सुमारे ५० मीटर उंचीवरच्या वितरण कुंडात. दोन्ही मोटरींना ५०, ६५ आणि ८० टक्के असे तीन टॅप असलेला ऑटोट्रान्सफॉर्मर स्टार्टर आहे आणि दोन्हींचा टॅप बसवल्यापासून ६५ टक्क्यांवरच होता.

प्रकरण दुसऱ्या पंपाचे आहे. उन्हाळी आवर्तनाआधी त्याच्या रायझिंग मेनचा एक गळका सांधा दुरुस्त करण्यासाठी ती पूर्ण रिकामी करण्यात आली. दुरुस्तीनंतर पंप सुरू केला तेव्हा मोटर फिरू लागली, पण वेग अर्ध्याच्या थोडा वर जाऊन तिथेच रेंगाळला. बारा सेकंदांनी टायमरने पूर्ण व्होल्टेजवर बदली केली त्या क्षणी पंपघरातले दिवे मंदावले आणि शेजारी सुरळीत चाललेला पहिला पंप अंडरव्होल्टेज रिलेवर ट्रिप झाला. तिथल्या वायरमनने टायमर बारावरून पंचवीस सेकंदांवर नेला. निकाल तोच लागला, फक्त ऑटोट्रान्सफॉर्मर अधिक तापला. तेव्हा समितीतल्या एकाने ८० टक्क्यांचा टॅप लावायला सुचवले, आणि फीडरवरच्या गावांतून दिवे मिचमिचण्याच्या तक्रारी आधीच येत असल्याने दुसऱ्याने उलट ५० टक्क्यांवर जावे असा आग्रह धरला. पंपचालकाचा प्रश्न या दोघांपेक्षा नेमका होता : “साहेब, सीझनभर ह्याच टॅपवर उचलतंय, मग आजच का अडतंय?”

मोटर, ट्रान्सफॉर्मर आणि फीडर

मोटरचा पूर्ण भाराचा करंट ५२७ ॲम्पिअर आहे. उत्पादकाच्या आलेखाप्रमाणे थेट पूर्ण व्होल्टेजवर, म्हणजे डीओएल पद्धतीने, सुरू केल्यास सुरुवातीचा करंट त्याच्या सहापट, म्हणजे सुमारे ३१६० ॲम्पिअर, आणि सुरुवातीचा टॉर्क पूर्ण भाराच्या टॉर्कच्या १.२ पट मिळतो. वेग वाढताना हा टॉर्क ३० टक्के वेगाच्या आसपास १.०५ पर्यंत किंचित खचतो, ६० टक्के वेगाला पुन्हा १.२ होतो, ८० टक्क्यांना १.५ आणि ९५ टक्क्यांच्या सुमारास कमाल, म्हणजे २.३ पट होतो. करंट मात्र शेवटपर्यंत हट्टाने टिकून राहतो. ७० टक्के वेगालाही तो पूर्ण भाराच्या पाच पटींहून अधिक असतो आणि नव्वदीच्या पुढे गेल्यावरच झपाट्याने कोसळतो. पुढच्या सगळ्या विवेचनाचा कणा हीच गोष्ट आहे.

पुरवठा ११ किलोव्होल्टवरून १००० केव्हीएच्या, ५ टक्के इम्पीडन्सच्या ट्रान्सफॉर्मरमधून होतो आणि तिथपर्यंतचा ओव्हरहेड फीडर रॅबिट कंडक्टरचा, सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा आहे. या दोन्हींतून डीओएलचा करंट वाहिला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये सुमारे १२ टक्के आणि फीडरवर सुमारे ९ टक्के, असा एकूण २१ टक्क्यांचा हिशेब कागदावर येतो. प्रत्यक्षात व्होल्टेज खाली आले की मोटर ओढत असलेला करंटही त्याच प्रमाणात कमी होतो, म्हणून खरी घट १७ टक्क्यांच्या जवळपास राहते. बसबारवर पहिला पंप चालू असताना ४१५ व्होल्ट असतात. १७ टक्के घट म्हणजे ते ३४३ वर येणार. अंडरव्होल्टेज रिले ८५ टक्क्यांवर, म्हणजे ३५३ व्होल्टवर, आणि कोणताही विलंब न ठेवता लावलेला होता. तेव्हा डीओएलचा विचार या जागी करताच येत नाही आणि ऑटोट्रान्सफॉर्मर इथे का बसवला याचे उत्तर एवढ्यातच आहे.

टॅपचा वर्ग : एकदा करंटसाठी, एकदा टॉर्कसाठी

टॅपवरचे व्होल्टेज पुरवठ्याच्या k पट असेल, म्हणजे ६५ टक्क्यांच्या टॅपसाठी ०.६५ पट, तर मोटरमधला करंटही ढोबळमानाने k पट होतो. पण पुरवठ्यातून येणारा करंट यापेक्षाही कमी असतो. ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये जेवढे व्होल्ट-ॲम्पिअर शिरतात जवळजवळ तेवढेच बाहेर पडतात. मोटरच्या बाजूला व्होल्टेज कमी आणि करंट जास्त, तर लाइनच्या बाजूला व्होल्टेज पूर्ण आणि करंट कमी. म्हणून लाइनचा करंट मोटरच्या करंटच्या पुन्हा k पट होतो. इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तोही k च्या वर्गाने घटतो.

```
I_motor = k  × I_DOL
I_line  = k² × I_DOL
T_start = k² × T_DOL
```

याचा अर्थ असा की लाइनमधून घेतलेल्या प्रत्येक ॲम्पिअरमागे मिळणारा टॉर्क डीओएलइतकाच राहतो, आणि जुनाट समजला जाणारा हा स्टार्टर अशक्त फीडरवर आजही टिकून आहे तो याच कारणाने. सॉफ्ट स्टार्टर ६५ टक्के व्होल्टेज देतो तेव्हा टॉर्क तेवढाच, म्हणजे ४२ टक्क्यांवर येतो, पण लाइनचा करंट मोटरच्या करंटएवढाच, म्हणजे ६५ टक्के राहतो. स्टार-डेल्टा स्टार्टर या हिशेबात ५८ टक्क्यांचा एकच कायमचा टॅप ठरतो : करंट एक तृतीयांश, टॉर्कही एक तृतीयांश, आणि त्यात निवडीला जागा नाही.

पंपघरातला एक गोंधळ याच सूत्रातून आलेला होता. दुसऱ्या पंपाच्या पॅनेलवरच्या ॲमीटरचा सीटी मोटरच्या बाजूला आहे. सुरुवातीला काटा १९०० च्या जवळ जातो, आणि ६५ टक्क्यांच्या टॅपवर १३०० च्या आसपास करंट यायला हवा असे कुणी तरी सांगून ठेवल्यामुळे स्टार्टरच बिघडला आहे असा समज होता. ट्रान्सफॉर्मरच्या मुख्य पॅनेलवर पाहिले तर आकडा बाराशेच्या थोडा वर होता, अर्थात चालू पंपाचा करंट वजा करून. दोन्ही आकडे बरोबर होते. खरे तर ही तपासणीची सोपी रीत आहे : सुरुवातीच्या काळात तिन्ही फेजमध्ये टंग टेस्टरने लाइनचा आणि मोटरचा करंट मोजावा, त्यांचे गुणोत्तर टॅपच्या अंकाएवढे आले पाहिजे. एखाद्या फेजचे गुणोत्तर वेगळे आले तर त्या फेजची वायर चुकीच्या टॅपवर लागलेली आहे, आणि टॅप बदलल्यानंतर ही चूक जितकी दुर्मीळ असावी तितकी ती नसते.

व्होल्टेजची घट धरून चारही पर्यायांचा हिशेब पुढीलप्रमाणे आला. टॉर्क पूर्ण भाराच्या टॉर्कच्या टक्केवारीत दिला आहे.

| टॅप | लाइनचा करंट, ॲम्पिअर | बसबारवरील व्होल्टेज | मोटर थांबलेली असतानाचा टॉर्क |
|---|---|---|---|
| डीओएल | २६१० | ३४३ | ८२ |
| ८० टक्के | १७९० | ३६६ | ६० |
| ६५ टक्के | १२३० | ३८१ | ४३ |
| ५० टक्के | ७५० | ३९४ | २७ |

निव्वळ सूत्राने ६५ टक्क्यांच्या टॅपवर ५१ टक्के टॉर्क मिळायला हवा. व्होल्टेजच्या घटीमुळे हाती ४३ टक्केच येतो. अशक्त फीडरवर टॅप निवडताना हा फरक न धरणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण स्टार्टरच्या पुस्तिकेतले आकडे ताठ पुरवठा गृहीत धरलेले असतात. ऑटोट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा इम्पीडन्स टॉर्क आणखी थोडा कमी करतो आणि त्याचा मॅग्नेटायझिंग करंट लाइनच्या करंटमध्ये थोडी भर घालतो. वरच्या तक्त्यात हे दोन्ही धरलेले नाहीत.

पंप किती टॉर्क मागतो

टॅप दोषी की निर्दोष हे या तक्त्यावरून ठरत नाही. मोटर देत असलेला टॉर्क प्रत्येक वेगाला पंपाच्या मागणीहून जास्त आहे का, हे पाहावे लागते. इथेच पंपचालकाच्या प्रश्नाचे उत्तर होते.

या पंपाला ठरलेल्या प्रवाहाला, म्हणजे ६० मीटर हेडवर सेकंदाला सुमारे ३७५ लिटर पाणी देताना, २७० किलोवॅट लागतात. मोटरच्या पूर्ण टॉर्कच्या हिशेबात ही मागणी ८६ टक्के होते. डिलिव्हरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद असेल आणि पाणी पुढे सरकतच नसेल, तर त्याच पूर्ण वेगाला मागणी फक्त ३९ टक्क्यांवर येते, कारण अरीय प्रकारच्या पंपात प्रवाह कमी झाला की लागणारी शक्तीही कमी होते. दोन्ही बाबतींत मागणी वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून बंद व्हॉल्व्हवर ८० टक्के वेगाला ती २५ टक्के भरते.

पंपचालक सुरुवात करताना व्हॉल्व्ह बंद करत नसे. व्हॉल्व्हचे चाक जड आहे, उघडायला आणि मिटायला बराच वेळ जातो, आणि न मिटताही पंप नीट सुरू होतो असा त्याचा अनेक हंगामांचा अनुभव होता. अनुभव खरा होता, पण त्यामागचे कारण व्हॉल्व्हशी नव्हे, रायझिंग मेनमधल्या पाण्याशी निगडित होते. मेन भरलेली असते तेव्हा ५० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ नॉन-रिटर्न व्हॉल्व्हला पंपाच्या दिशेने दाबून बंद ठेवतो. बंद स्थितीत पंपाचा कमाल हेड पूर्ण वेगाला ७५ मीटर आहे आणि तोही वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे तो ५० मीटरच्या वर जायला वेग ८२ टक्क्यांपर्यंत यावा लागतो. तोपर्यंत पाणी हलतच नाही. म्हणजे डिलिव्हरी व्हॉल्व्ह सताड उघडा असला तरी मोटरच्या दृष्टीने सुरुवात बंद व्हॉल्व्हवरच होत होती. ८२ टक्क्यांच्या पुढे मागणी वाढू लागते, पण तिथे मोटरचा टॉर्कही चढणीला लागलेला असतो आणि ६५ टक्क्यांच्या टॅपवरही मोटर ९७ टक्के वेगापर्यंत पोहोचते.

दुरुस्तीनंतर मेन रिकामी होती. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हला मागून दाबणारे काहीच नव्हते. पंप फिरू लागताच तो उघडला आणि पाणी जवळजवळ कोणत्याही विरोधाविना मोकळ्या नळीत धावू लागले. अशा वेळी पंप आपल्या वक्राच्या उजव्या टोकाला जातो : हेड अगदी कमी, प्रवाह ठरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त. तिथे पंपाची मागणी पूर्ण वेगाला मोटरच्या पूर्ण टॉर्कच्या जवळ जाते. आता ६५ टक्क्यांच्या टॅपवर मोटर काय देते ते त्याच्या शेजारी ठेवू. ६० टक्के वेगाला मोटर ४३ टक्के देते, पंप ३६ मागतो. मोटर पुढे सरकते. ७० टक्के वेगाला पंप ४९ मागतो आणि मोटरकडे जेमतेम तेवढाच टॉर्क शिल्लक असतो, म्हणून ६९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मिनिटाला सुमारे १०३० फेऱ्यांवर, दोन्ही वक्र एकमेकांना छेदतात आणि मोटर तिथेच थांबून राहते. टॅकोमीटरवर शाफ्टचा वेग याच पट्ट्यात मिळाला.

इथे टायमर वाढवण्याचा उपाय का फसला हेही स्पष्ट होते. वेग वाढायला वेळ लागतो तो टॉर्क शिल्लक असेल तर. मोटर आणि पंप यांचे एकत्रित जडत्व एवढे कमी आहे की शिल्लक टॉर्क पूर्ण भाराच्या ३० टक्के असेल तर हा संच तीन-चार सेकंदांत वेगात येतो. शिल्लक टॉर्क शून्य असेल तर बारा सेकंद आणि पंचवीस सेकंद यांत काही फरक नाही. पंचवीस सेकंदांत फक्त रोटर आणि ऑटोट्रान्सफॉर्मर दुपटीने अधिक काळ भाजून निघतात. अडकलेल्या स्थितीत मोटरमधून सुमारे १६५० ॲम्पिअर, म्हणजे पूर्ण भाराच्या तिप्पट, वाहत होते. स्टार्टरमधला ऑटोट्रान्सफॉर्मर सतत वाहण्यासाठी नसतो, ठरावीक सेकंद आणि तासाला ठरावीक सुरुवाती यांसाठीच बनवलेला असतो. लागोपाठच्या प्रयत्नांनंतर त्याच्या वाइंडिंगमधून वार्निशचा वास येऊ लागला होता, आणि तो वास म्हणजे पुढचा प्रयत्न निदान एक-दोन तासांनी करा अशी सूचनाच असते.

बदलीच्या क्षणी काय झाले

पहिला पंप सुरुवातीच्या झटक्याने नव्हे, तर बदलीच्या झटक्याने पडला, ही बाब आधी कुणाच्या ध्यानात आली नव्हती. ६५ टक्क्यांच्या टॅपवर लाइनचा करंट १२३० ॲम्पिअर आणि बसबारवर ३८१ व्होल्ट. रिलेला त्यात वावगे काही नव्हते. मोटर ६९ टक्के वेगावर अडकलेली असताना स्टार्टरने तिला पूर्ण व्होल्टेजला जोडले, तेव्हा त्या वेगाला तिचा करंट पूर्ण भाराच्या ५.२ पट होता. व्होल्टेजची घट धरूनही तो २३०० ॲम्पिअरच्या वर जातो आणि बसबार ३५१ व्होल्टवर येते. रिले ३५३ वर लावलेला होता. फरक दोन व्होल्टचाच, पण रिलेला विलंब नसल्यामुळे तो पुरेसा ठरला. डीओएलमध्ये लाइनवर २६१० ॲम्पिअर पडले असते; एवढा खटाटोप करून हाती लागलेला फायदा सुमारे अकरा टक्के.

म्हणूनच टॅप किती करंट वाचवतो हे सुरुवातीच्या क्षणी ठरत नाही, मोटर किती वेगावर असताना बदली होते यावर ठरते. ९९ टक्के वेगावर बदली झाली तर पूर्ण व्होल्टेजला जोडल्यावर मोटर पूर्ण भाराइतकाच करंट ओढते, पहिल्या काही सायकलचा क्षणिक झटका सोडला तर. ९७ टक्क्यांवर तोच करंट दुपटीहून थोडा जास्त होतो, आणि ७० टक्क्यांवर ऑटोट्रान्सफॉर्मर लावल्याचा काही उपयोगच उरत नाही.

बदलीची पद्धत इथे दोषी नव्हती, पण ती तपासणे आवश्यक होते. हा स्टार्टर कॉर्नडॉर्फर जोडणीचा आहे. सुरुवातीला स्टार कॉन्टॅक्टर आणि ऑटोट्रान्सफॉर्मरचा लाइन कॉन्टॅक्टर बंद असतात. बदलीच्या वेळी आधी स्टार उघडतो, त्यामुळे ऑटोट्रान्सफॉर्मरचा टॅपच्या वरचा भाग मोटरशी सिरीजमध्ये चोकसारखा राहतो आणि करंट तुटत नाही. नंतर मुख्य कॉन्टॅक्टर मिटून तो भाग शॉर्ट करतो आणि शेवटी लाइन कॉन्टॅक्टर सुटतो. मोटर क्षणभरही पुरवठ्यापासून वेगळी होत नाही. ज्या जुन्या स्टार्टरमध्ये मध्ये खंड पडतो, त्यात मोटरमधले उरलेले व्होल्टेज पुरवठ्याच्या फेजशी जुळत नसताना जोडणी झाली तर डीओएलहून मोठा झटका बसू शकतो. कॉर्नडॉर्फरमध्ये वेगळी काळजी घ्यावी लागते : स्टारचे कॉन्टॅक्ट चिकटून राहिले आणि तशातच मुख्य कॉन्टॅक्टर मिटला, तर वाइंडिंगचा एक भाग शॉर्ट होऊन प्रचंड करंट फिरतो. या पॅनेलमध्ये दोन्ही कॉन्टॅक्टरमध्ये यांत्रिक आणि विद्युत असे दोन्ही इंटरलॉक होते आणि ते चालू स्थितीत होते.

८० की ५०

८० टक्क्यांच्या टॅपवर मोटर रिकाम्या मेनमध्येही चढली असती. ७० टक्के वेगाला ती ६६ टक्के टॉर्क देते आणि पंप ४९ मागतो. ९० टक्क्यांनाही ९५ विरुद्ध ८१ असे अंतर राहते. म्हणजे सूचना तांत्रिकदृष्ट्या चुकीची नव्हती. अडचण व्होल्टेजची होती. बसबारवर ४१५ असतील तर सुरुवातीला ३६६ उरतात आणि रिले टिकतो. पण संध्याकाळी भार वाढल्यावर तिथे ३९५ व्होल्टच मिळतात, आणि तेव्हा तेच ३४८ वर येऊन पहिला पंप पडला असता. तो असा अचानक पडला की त्याच्या मेनमधले परतणारे पाणी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर आदळते, आणि नुकत्याच सांधे दुरुस्त केलेल्या पंपघरात ते कुणालाच नको होते. शिवाय फीडरवरच्या गावांना जाणवणारी घट ६५ टक्क्यांच्या टॅपवर साडेतीन टक्के आहे, ती ८० वर पाच टक्क्यांच्या वर गेली असती. वर्षातून एखाद्या वेळी रिकामी मेन भरण्यासाठी रोजचा झटका वाढवून घेणे मला पटले नाही.

५० टक्क्यांच्या सूचनेचा मी अधिक वेळ विचार केला, कारण तिच्यामागे गावांची तक्रार होती आणि आकडे सकृद्दर्शनी अनुकूल दिसत होते. व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवला तर ८० टक्के वेगाला पंप २५ टक्के मागतो आणि मोटर ३४ देते. म्हणजे मोटर चढते, थोडी सावकाश इतकेच. पण हे ४१५ व्होल्टवर. ३७५ व्होल्टवर, जी स्थिती या फीडरच्या टोकाला अशक्य नाही, टॉर्क आणखी १८ टक्क्यांनी घटून २८ वर येतो आणि पंपाच्या मागणीपासूनचे अंतर जवळजवळ संपते. जुन्या स्लुइस व्हॉल्व्हची सीट झिजून पाणी झिरपत असेल तर उरलेले अंतरही जाते. त्याखेरीज मोटर थांबलेली असतानाचा २७ टक्के टॉर्क ग्लँडची नवी दोरी घट्ट आवळलेली असताना, पंप महिनोन्‌महिने बंद राहिल्यानंतर हलवायला पुरेल याची खात्री मला वाटत नव्हती. आणि मोटर कुठे अडकलीच तर ५० च्या टॅपवरून होणारी बदली ६५ वरच्या बदलीइतकीच जड. गावातले दिवे सुरुवातीला कमी आणि शेवटी अधिक मंदावले असते.

काय केले

टॅप ६५ वरच ठेवला. बदल पंपाच्या बाजूने आणि बदली ठरवण्याच्या पद्धतीत केले.

मुख्य डिलिव्हरी व्हॉल्व्हला बगल देणारी १५० मिलिमीटरची एक लाइन मुळातच होती, मेन भरण्यासाठीच. पण तिच्या व्हॉल्व्हचे हातचाक कधी तरी गहाळ झाले होते आणि स्पिंडल गंजून जाम झालेले होते. म्हणूनच त्या दिवशी मेन लवकर भरावी या हेतूने पंपचालकाने मुख्य व्हॉल्व्ह अर्धा उघडून ठेवला होता. बगलेचा व्हॉल्व्ह बदलला. आता रिकामी मेन भरायची असेल तर मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवून पंप वेगात आणतात आणि मग फक्त बगलेतून सेकंदाला ८०–९० लिटरच्या बेताने पाणी सोडतात. १.८ किलोमीटर लांब आणि ६०० मिलिमीटर व्यासाच्या मेनमध्ये पाचशे घनमीटरच्या वर पाणी मावते, त्यामुळे भरायला दीड तासाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि तेवढा लागलाच पाहिजे, कारण एअर व्हॉल्व्हमधून हवा निघून जायला सवड मिळाली नाही तर सांध्यांना पुन्हा धक्के बसतात.

मुख्य व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर लिमिट स्विच बसवला आणि तो पूर्ण बंद असल्याशिवाय स्टार्टरच्या कंट्रोल सर्किटला परवानगी मिळणार नाही अशी जोडणी केली. मेन भरलेली असताना या अटीची गरज नाही, हे पंपचालकाने लगेच दाखवून दिले आणि ते बरोबरच आहे; पण मेन भरलेली आहे की नाही हे पॅनेलला कळत नाही, आणि बंद व्हॉल्व्हवर सुरुवात केल्यास मोटर ९७ ऐवजी ९९ टक्के वेगावर पोहोचून बदलीचा झटका निम्म्याहून कमी होतो, म्हणून अट तशीच ठेवली. हा नियम मात्र अरीय पंपापुरताच आहे. ॲक्सियल फ्लो पंपाची शक्ती प्रवाह बंद केल्यावर उलट वाढते आणि त्याचा व्हॉल्व्ह मिटून सुरुवात करणे म्हणजे मोटरला अडकवणेच होय.

बदली पूर्वी केवळ वेळेवर होत असे. आता मोटरच्या बाजूच्या करंटवर एक रिले आहे : करंट ६०० ॲम्पिअरच्या खाली आला तरच बदलीला परवानगी मिळते, आणि दहा सेकंदांत तो खाली आला नाही तर बदली न करता सुरुवातच रद्द होते. निरोगी सुरुवातीत काटा १९०० च्या जवळ जातो आणि तीन-चार सेकंदांनी एकदम चारशेच्या आसपास पडतो. अडकलेल्या सुरुवातीत तो १९०० वरून १६५० वर येतो आणि तिथेच डोलत राहतो. पंपचालकाला वेगळे काही शिकवावे लागले नाही. काटा पडतो की नाही एवढेच तो पाहतो.

अंडरव्होल्टेज रिलेला अर्ध्या सेकंदाचा विलंब दिला, पण त्यावर विसंबून टॅप वाढवलेला नाही. दुसरा पंप सुरू करण्याआधी बसबारवर किमान ३९० व्होल्ट हवेत अशी नवी अट घातली, कारण ६५ टक्क्यांच्या टॅपवर आठ टक्के घट होते आणि ३८५ च्या खाली सुरुवात केली तर व्होल्टेज रिलेच्या मर्यादेखाली जाते. संध्याकाळी ही अट वारंवार मोडू लागली, तेव्हा दोन्ही पंप बंद करून, पुरवठा तोडून ट्रान्सफॉर्मरचा ऑफ-सर्किट टॅप एका पायरीने, अडीच टक्क्यांनी वर घेतला. पहाटे फीडरवर भार नसताना बसबार आता ४३० च्या जवळ जाते. मोटरच्या मर्यादेत ते बसते, पण आणखी एक पायरी वर जायला फारशी जागा उरलेली नाही.